सावली पुसायची नाही, उचलायची

मुलाखतीसाठी कुणाच्या घरी गेले की कॅमेरा बाहेर काढण्याआधी मी खोलीतले सगळे दिवे बंद करते. मग खिडकीपाशी उभी राहून हाताची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर समोर धरते आणि सावकाश स्वतःभोवती फिरते. मुठीला उंचवटे असतात, खळगे असतात. चेहऱ्याला नाक, गालफडं आणि डोळ्यांच्या खोबण्या असतात तसेच. खिडकीला पाठ केली की मूठ सरसकट उजळते आणि पोळपाटासारखी सपाट दिसते. खिडकीकडे तोंड केलं की तिचा काळा गोळा होतो. या दोन टोकांच्या मधे एक जागा अशी येते, जिथे उजेड मुठीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे हळूहळू उतरत जातो, आणि तो नेमका कुठे संपला हे बोट ठेवून सांगता येत नाही. माझे डोळे त्या वेळी कॅमेऱ्याच्या जागी असतात आणि मूठ बोलणाऱ्याच्या जागी. खुर्ची तिथे ठेवायची.

छोटे माहितीपट आणि मुलाखती करताना माझ्याकडे बहुतेक वेळा दिव्यांचा संच नसतो. घर लहान असतं, बोलणारी व्यक्ती वयस्कर असते, आणि स्टँडवरचे दोन प्रखर दिवे तोंडावर पडले की मोकळं बोलणारं माणूसही सभेत उभं राहिल्यासारखं बोलू लागतं. एक खिडकी आणि एक रिफ्लेक्टर एवढ्यावर काम भागतं. पण ते भागतं कसं हे समजलं नाही, तर त्याच खिडकीपाशी बसलेला माणूस अर्धा पांढराफटक आणि अर्धा काळाकुट्ट दिसतो.

गेल्या जानेवारीत पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये केलेल्या चित्रणाचं उदाहरण देते. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या एका बाईंची मुलाखत होती. खोली बारा बाय चौदाची. पश्चिमेच्या भिंतीला चार फूट रुंद, चार फूट उंच खिडकी. मुलाखत सकाळी साडेनऊला ठेवली होती, आणि ती वेळ मी मुद्दाम मागून घेतली होती.

मुलाखतीला खिडकीतून ऊन नको असतं, आकाशाचा उजेड हवा असतो. ऊन थेट आलं की प्रकाशाचा उगम म्हणजे आकाशातला एक छोटासा गोळा. त्याची सावली धारदार पडते, नाकाची काळी पाचर गालावर उमटते, ग्रिलच्या पट्ट्या कपाळावर येतात, माणूस डोळे बारीक करतो. ऊन नसेल तर अख्खी खिडकी हाच उगम होतो. चार फुटांवर बसलेल्या माणसाला चार फुटांचा दिवा. इतक्या मोठ्या दिव्याचा उजेड नाकाला वळसा घालून पलीकडेही थोडा पोहोचतो, म्हणून सावलीची कड विरघळते. उजेड मऊ की कडक हे तो किती तेजस्वी आहे यावर ठरत नाही. बसलेल्या माणसाच्या जागेवरून उगम केवढा दिसतो यावर ठरतं.

म्हणून पश्चिमेची खिडकी सकाळी वापरावी आणि पूर्वेची दुपारी. छायाचित्रणाच्या पुस्तकांत उत्तरेची खिडकी सर्वांत चांगली असं सर्रास लिहिलेलं असतं, कारण तिच्यातून ऊन येत नाही. ही पुस्तकं बहुतेक युरोप-अमेरिकेतली. आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो हे लक्षात ठेवायला हवं. पुण्यात मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीत सकाळी लवकर आणि सायंकाळी तिरपं ऊन हमखास येतं. ज्या घरी जायचं आहे तिथल्या माणसांनाच विचारावं, ‘या खिडकीत ऊन किती वाजता येतं?’ गृहिणीला ते मिनिटापर्यंत ठाऊक असतं, कारण पापड-कुरडया तिथेच वाळतात. वेळ बदलता येत नसेल तर खिडकीवर पांढरं सुती धोतर किंवा बटर पेपर एकेरी ताणून बांधावा. ऊन कापडावर पसरतं आणि कापडच दिवा होतं. चित्रपटाच्या सेटवर याच कामाच्या चौकटीला स्किमर म्हणतात.

बाईंची खुर्ची मी खिडकीपासून चार फुटांवर ठेवली. अगदी खिडकीला चिकटून बसवण्याचा मोह होतो, कारण तिथे उजेड भरपूर दिसतो. पण उजेड अंतरानुसार फार झपाट्याने उतरतो. एवढ्या खिडकीपासून चार फुटांवरचा माणूस आठ फुटांवर नेला, तर त्याच्यापर्यंत थेट पोहोचणारा उजेड साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. दीड-दोन फुटांवर बसवलं तर माणूस बोलताना जरा पुढे झुकला, मागे टेकला, तरी चेहऱ्याचा उजेड कमी-जास्त होत राहतो. चार-पाच फुटांवर ही धडधड थांबते. मागची भिंत किंवा पुस्तकांचं कपाट आणखी सहा-सात फूट मागे असलं की उजेड उतरण्याचा हाच नियम उपयोगी पडतो. मागचं सगळं आपोआप मंद होतं आणि चेहरा त्यातून सुटून पुढे येतो.

खुर्ची खिडकीच्या मध्यावरही नव्हती. थोडी मागे, खिडकीच्या मागच्या चौकटीच्या रेषेत होती. त्यामुळे उजेड बाईंना डावीकडून आणि किंचित समोरून मिळत होता. कॅमेरा समोर सहा फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला. मी स्वतः कॅमेऱ्याला अगदी लागून बसले, पण खिडकीच्या बाजूला. हे बसणं छोटं वाटतं, पण सगळा चेहरा त्यावर ठरतो. बाई माझ्याकडे बघून बोलणार, म्हणजे त्यांचा चेहरा खिडकीकडे थोडा वळणार. मग डोळ्यांत उजेड राहतो, आणि कॅमेऱ्याला गालाची सावलीतली बाजू जास्त दिसते. त्या सावलीमुळेच चेहऱ्याला गोलाई येते, सुरकुत्यांना खोली येते, हनुवटीची रेघ उमटते. मी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसले असते, तर बाईंचं तोंड अंधाराकडे वळलं असतं, कॅमेऱ्याकडे उजेडातला रुंद गाल आला असता आणि चेहरा पसरट दिसला असता.

खिडकीची उंचीही बघावी लागते. बाईंच्या घरची खिडकी जमिनीपासून अडीच फुटांवर सुरू होऊन साडेसहा फुटांवर संपत होती. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे चार फुटांच्या आसपास येतात. म्हणजे बराचसा उजेड डोळ्यांच्या खालून येत होता आणि हनुवटीच्या खालची बाजू उगाच उजळत होती. आकाश आपल्या डोक्यावर असतं, त्यामुळे वरून उतरणाऱ्या उजेडात दिसणारा चेहराच आपल्याला स्वाभाविक वाटतो. मी खिडकीचा खालचा फूटभर भाग गडद चादरीची घडी टाकून झाकला. डोळ्यांतला खिडकीचा चौकोनी ठिपका बुबुळाच्या वरच्या बाजूला सरकला. हा ठिपका वर आणि खिडकीच्या बाजूला दिसला की खिडकी जागेवर आहे असं समजावं. तो नसेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही डोळे विझलेले दिसतात.

एवढं झाल्यावर मी लाइटमीटर बाईंच्या दोन्ही गालांपाशी धरला. खिडकीकडच्या गालावरचा उजेड दुसऱ्या गालाच्या आठपट होता. प्रत्यक्ष खोलीत आपल्याला हे जाणवत नाही, कारण डोळा आणि मेंदू मिळून अंधारातलं भरून काढतात. कॅमेरा तेवढं सांभाळून घेत नाही. मीटर नसेल तर डोळे बारीक करून, पापण्यांच्या फटीतून चेहऱ्याकडे बघावं. सावलीतल्या बाजूचा डोळा दिसेनासा झाला, तर तो कॅमेऱ्यातही हरवणार. इथे रिफ्लेक्टरची वेळ येते.

रिफ्लेक्टर स्वतः उजेड तयार करत नाही. खिडकीतून आलेला उजेड अडवून परत पाठवतो. दुकानात मिळणाऱ्या घडीच्या रिफ्लेक्टरला पांढरी, चंदेरी, सोनेरी, काळी अशा बाजू असतात. खोलीत पांढरी वापरावी. चंदेरी बाजू आरशाच्या वळणावर जाते, तिचा उजेड कडक असतो, आणि नवशिक्याच्या हातात तिचा दुसरा सूर्य होतो. सोनेरी बाजू तर आकाशाच्या निळसर उजेडात एका गालाला हळद लावल्यासारखी दिसते. विकत काहीच घ्यायचं नसेल तर पुठ्ठ्यावर पांढरं कार्डशीट चिकटवावं किंवा कपडे वाळत घालायच्या स्टँडवर पांढरी चादर टाकावी. आकार मात्र तीन बाय चार फुटांच्या खाली नको. लहान पाटीचा उजेड गालावर ठिपक्यासारखा पडतो.

बाईंचा नातू पांढरा बोर्ड धरून उभा राहिला. त्याने तो कमरेच्या उंचीवर, वर तोंड करून धरला. बहुतेक सगळे पहिल्यांदा तसाच धरतात. हनुवटी, नाकपुड्या आणि पापण्यांच्या खालची बाजू उजळली, आणि प्रेमळ बाई एकदम लहान मुलांच्या भुताच्या गोष्टीतल्या वाटू लागल्या. मी त्याला म्हटलं, ‘आजीच्या गालाच्या उंचीला आण, आणि आजीच्या जरा पुढे ये.’ बोर्ड उभा झाला, खांद्यापासून कपाळापर्यंत आला. पुढे यायला सांगितलं ते नाकाच्या सावलीसाठी. बोर्ड कानाच्या रेषेत राहिला तर कान आणि जबडा उजळतो, पण नाकालगतचा काळा खळगा तसाच राहतो.

कोन तपासायची सोपी युक्ती अशी, की बोलणाऱ्याच्या खुर्चीत आपण बसायचं आणि विचार करायचा: बोर्डाच्या जागी आरसा असता तर मला त्यात खिडकी दिसली असती का? दिसली असती तर कोन बरोबर. पांढऱ्या बोर्डाला हे काटेकोर लागत नाही, चंदेरीला लागतं.

मग अंतर. बोर्ड चार फुटांवर असताना दोन गालांमधला फरक आठपटीवरून चारपटीवर आला. अडीच फुटांवर आणला तेव्हा अडीचपटीच्या जवळ आला. दीड फुटावर आणल्यावर दोन्ही गाल जवळपास सारखे झाले, आणि नातू खूश होऊन म्हणाला, ‘आता मस्त उजेड आला!’ खरं तर तिथेच चित्र बिघडलं होतं. बाईंच्या चेहऱ्यावरची गोलाई गेली, आणि दोन्ही डोळ्यांत दोन-दोन पांढरे चौकोन दिसू लागले. खिडकी एकच असलेल्या खोलीत दोन खिडक्यांचा माणूस बसल्यासारखा वाटला. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी लावलेलं आहे हे कळतं. आम्ही बोर्ड पुन्हा अडीच फुटांवर नेला. सावलीतला डोळा स्पष्ट दिसत होता आणि सावलीही होती. रिफ्लेक्टरने सावली पुसायची नसते, उचलायची असते. दोनपट ते तीनपट हा फरक निवांत बोलण्याला शोभतो. विषय गंभीर असेल तर चारपटही चालते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. सावळ्या माणसाला ‘उजळ’ करण्यासाठी रिफ्लेक्टर जवळ आणू नका. सावळ्या कातडीचं सौंदर्य तिच्यावर उमटणाऱ्या चकाकीत असतं. गालफडावर, कपाळावर खिडकीची एक मऊ, लांबट झळाळी दिसते. खिडकी मोठी असेल तर ती झळाळी पसरट आणि सुंदर येते. बोर्ड रेटून चेहरा सगळीकडून भरला की ती मरते आणि माणूस राखाडी दिसतो. माणसाचा रंग त्याचा स्वतःचा राहू द्यावा.

आमची खरी अडचण वेगळीच निघाली. बोर्ड लावण्याआधी बाईंच्या जबड्याखाली आणि मानेवर आजारी माणसासारखी हिरवट झाक दिसत होती. दिवे सगळे बंद होते, म्हणजे ट्यूबलाइटचा दोष नव्हता. कारण उजवीकडच्या भिंतीत सापडलं. भिंत पिस्ता रंगाची होती. खिडकीचा उजेड तिच्यावर आपटून परत येताना तिचा रंग घेऊन येत होता. आपण लावा अथवा न लावा, प्रत्येक खोलीत एक रिफ्लेक्टर आधीच असतो: समोरची भिंत. पांढरा बोर्ड मधे आला तेव्हा त्याने स्वतःचा उजेड दिलाच, शिवाय भिंतीचा हिरवा उजेड अडवलाही. मान पुन्हा माणसाची झाली. खिडकीतल्या कुंड्या, समोरच्या इमारतीची गुलाबी भिंत, जमिनीवरची लाल सतरंजी हीसुद्धा असाच रंग पाठवतात. चेहऱ्यावर न समजणारी झाक दिसली की त्या दिशेला काय आहे ते बघावं.

या उसळत्या उजेडाचा मोठा वारसा आपल्या देशातच आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. बनारसच्या तशा घरात उजेड वरच्या मोकळ्या आकाशातून झिरपतो, त्याला धारदार सावली नसते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर वर पांढरं कापड ताणलं आणि दिवे माणसांवर न रोखता त्या कापडावर रोखले. कापडावरून परतलेला उजेड अंगणात उतरला, आणि तो आकाशाचाच वाटतो. आपण एका खिडकीपाशी पांढरा बोर्ड धरतो तेव्हा तेच तत्त्व वापरतो.

बाईंना चष्मा होता, आणि दोन्ही काचांत खिडकी दिसत होती. चष्मा काढायला मी कधीच सांगत नाही. चष्म्याशिवाय माणूस स्वतःसारखा दिसत नाही. चष्म्याच्या काड्या कानांवर अर्धा सेंटिमीटर वर उचलून ठेवल्या की काचा किंचित खाली झुकतात आणि प्रतिबिंब गालाकडे निघून जातं. ‘बाई, मान तशीच ठेवा, फक्त काड्या जरा वर घेते,’ म्हणून मी त्या उचलल्या. तरीही एक पट्टी राहिली, तेव्हा मी माझी खुर्ची कॅमेऱ्याला आणखी वीतभर चिकटवली. त्यांची नजर तेवढी वळली आणि काचा स्वच्छ झाल्या.

आता कॅमेऱ्याचं थोडं. फोन असो की मोठा कॅमेरा, त्याला स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नाही. बाई पांढऱ्या साडीत होत्या. कॅमेऱ्याला सगळंच सरासरी करड्या रंगाचं हवं असतं, म्हणून पांढरं जास्त दिसलं की तो चित्र काळवंडवतो आणि त्यात चेहरा बुडतो. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस बांधले जातात. आयफोनवर त्या वेळी पडद्यावर `AE/AF LOCK` अशी अक्षरं येतात. मग उजेड थोडा वर-खाली करून साडीची वीण अजून दिसते आहे ना, ती नुसता पांढरा ठिगळ झालेली नाही ना, हे बघावं. रंगाचा समतोलही असाच बांधावा. दिवसाच्या उजेडाला ५६०० केल्विन सांगतात, पण खिडकीतून फक्त निळं आकाश येत असेल तर चेहरा गार दिसतो. मी त्या दिवशी साडेसहा हजारांवर नेलं. चेहऱ्याशेजारी पांढरा कागद धरून तो कागद पांढराच दिसेपर्यंत आकडा हलवावा.

या पद्धतीची मोठी मर्यादा म्हणजे हा दिवा आपल्या हातात नाही. बाई साडेअकरापर्यंत बोलल्या आणि आकाश निरभ्र होतं, म्हणून निभावलं. भर पावसाळ्यात एकसारखं ढगाळ असेल तर उजेड कमी असतो, पण स्थिर असतो, तेही चांगलं. वाईट दिवस भाद्रपदातले, जेव्हा ढगांचे पुंजके सूर्यावरून येत-जात राहतात. एक उत्तर उजळ, पुढचं मंद, आणि संकलनात दोन्ही जोडली की चेहरा लुकलुकतो. अशा दिवशी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आधी विचारावा, उजेडाचा बदल दोन उत्तरांच्या मधेच करावा, बोलणं चालू असताना कॅमेऱ्याला हात लावू नये. खिडकी स्वतः चित्रात दाखवायची असेल तर हा मार्ग सोडावा. बाहेर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, आत काहीशे. पांढरा बोर्ड एवढी दरी भरू शकत नाही. दोन माणसं समोरासमोर बसवायची असतील तरी एका खिडकीत एकाचाच चेहरा नीट सापडतो.

घरात आजी-आजोबांना बोलतं करायचं मनात असेल, तर मुलाखतीच्या आदल्या दिवशी एवढं करून बघा. त्याच वेळी, त्याच खिडकीपाशी, त्याच खुर्चीवर त्यांना बसवून दोन मिनिटं चित्रण करा. पहिलं मिनिट नुसत्या खिडकीवर, दुसरं मिनिट पांढरी चादर अडीच फुटांवर उभी धरून. दोन्ही तुकडे घरच्या टीव्हीवर लावा. सावलीतला डोळा दिसतो का, आणि सावली अजून आहे का, एवढेच दोन प्रश्न विचारा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की चादर तिथेच ठेवा, जमिनीवर खडूने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त ऐका.